नंबर बदलला आणि पोर्टलचे दार बंद झाले

प्रश्न : परदेशात शिकायला आल्यावर मी इथले सिम घेतले आणि जुने बंद पडू दिले. आता विद्यापीठाच्या पोर्टलचा ओटीपी त्या जुन्याच नंबरवर जातो. आयटी हेल्प डेस्कला तीन पत्रे लिहिली, पण दर वेळी ‘लॉग इन करून प्रोफाइलमध्ये नंबर बदला’ एवढेच उत्तर येते. विषयनोंदणीची मुदत सहा दिवसांवर आली आहे. पत्रात आणखी काय लिहू?

उत्तर : ही विद्यार्थिनी माझ्याकडे आली तेव्हा मी आधी ती तीन पत्रे मागून घेतली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) पहिले पत्र दीड पानाचे होते आणि त्यात एकटेपणा, झोप न लागणे, आईवडिलांनी काढलेले कर्ज असे सारे होते, विद्यार्थी क्रमांक मात्र कुठेच नव्हता. तिन्ही पत्रे खासगी ईमेलवरून गेली होती आणि तिन्हींचा शेवट ‘कृपया माझा नंबर बदलून हा नवा घाला’ असा होता. दुसऱ्याचे खाते बळकावू पाहणारा भामटासुद्धा नेमके हेच वाक्य लिहितो, त्यामुळे अनोळखी पत्त्यावरून आलेली अशी विनंती हेल्प डेस्क मान्य करत नाही, आणि करूही नये. तिला हा कोरडेपणा वाटत होता. मला त्यात तिच्याच खात्याची राखण दिसत होती.

मग मी तिला माझ्यासमोर लॉग इन करायला सांगितले. पासवर्ड स्वीकारला गेला आणि पुढच्या पानावर, जुन्या नंबरचे शेवटचे दोन आकडे दाखवून, तिकडे कोड पाठवल्याचे लिहून आले. म्हणजे अडथळा दुसऱ्या पायरीवर होता आणि तिने दोनदा पासवर्ड बदलला त्याचा काहीच उपयोग होणार नव्हता. आदल्या रात्री तिने पुन्हा पुन्हा कोड मागवला, तेव्हा ‘फार वेळा प्रयत्न झाले’ अशी सूचना आली आणि खाते कायमचे गेले असे तिने धरले. असे कुलूप बहुधा थोड्या वेळाने आपोआप उघडते. नोंदवलेला नंबरच हाती नसल्याची अडचण मात्र कितीही थांबले तरी सुटत नाही, आणि ती विद्यापीठाच्या माणसालाच सोडवावी लागते.

पत्र लिहिण्यापूर्वी दोन गोष्टी तपासल्या. ऑथेंटिकेटर ॲप आधी जोडलेले असते, तर प्रश्नच उरला नसता, कारण त्यातला कोड फोनमध्ये साठवलेली गुप्त किल्ली आणि घड्याळ यांवरून, सहसा दर 30 सेकंदांनी तयार होतो आणि त्याला सिम लागत नाही. पण तिने ते कधी जोडले नव्हते. तिच्या जुन्या टॅबलेटवर मात्र विद्यापीठाची मेल अजून उघडी होती. त्यातून पोर्टलवरचा नंबर बदलता आला नाही, कारण तिथेही कोड मागितला जात होता; पण विद्यापीठाच्याच पत्त्यावरून पत्र पाठवण्याची सोय झाली. तिथून लॉग आउट करू नकोस, असे मी तिला बजावले.

नवे पत्र तिने स्वतः लिहिले, मी फक्त काटछाट केली :

‘माझा विद्यार्थी क्रमांक वर दिला आहे. माझा पासवर्ड चालतो, परंतु दुसऱ्या पायरीचा कोड बंद झालेल्या नंबरवर जातो आणि तो नंबर मला परत मिळू शकत नाही. माझ्याकडे बॅकअप कोड किंवा ऑथेंटिकेटर ॲप नाही. कृपया माझी ओळख पडताळून दुसरी पायरी रीसेट करावी, म्हणजे मला नवा नंबर नोंदवता येईल. व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट आणि विद्यार्थी ओळखपत्र दाखवण्यास मी तयार आहे. पडद्याचे चित्र, वेळेसह, सोबत जोडले आहे. आपल्या कार्यालयाच्या वेळेनुसार मी उपलब्ध राहीन.’

पासपोर्टची प्रत मी मुद्दाम जोडू दिली नाही. ती हेल्प डेस्कने मागितली आणि सुरक्षित दुवा दिला तरच पाठवायची असते. पत्रातला कळीचा शब्द ‘रीसेट’ हा आहे, कारण नंबर बदलून देण्यापेक्षा ओळख पटवून दुसरी पायरी काढून टाकणे ही हेल्प डेस्कच्या नेहमीच्या कामातली गोष्ट असते.

त्याच दिवशी दुसरे छोटे पत्र नोंदणी कार्यालयाला गेले. मुदत वाढवणे आयटी विभागाच्या हातात नसते, त्यामुळे त्यात तक्रारीचा तिकीट क्रमांक देऊन, पोर्टल वेळेत उघडले नाही तर विषयांची नोंदणी अर्जाने घ्यावी, असे लिहिले.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल झाला. पासपोर्ट पाहून झाल्यावर तिला मागच्या सत्रातले दोन विषय विचारले आणि एकदाच चालणारा तात्पुरता कोड दिला. तिने नवा नंबर नोंदवला, ऑथेंटिकेटर ॲप जोडले आणि बॅकअप कोड छापून पासपोर्टच्या पाकिटात ठेवले. बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो, म्हणून त्यानंतरचा तास आम्ही तो आणखी कुठे कुठे नोंदवलेला आहे ते शोधण्यात घालवला. खासगी मेल आणि बँक, दोन्हीकडे तोच निघाला.