दुप्पट होणार, पण किती वर्षांत?

प्रश्न: ७ टक्क्यांनी पैसे दुप्पट व्हायला ७२ च्या नियमाने १०.२९ वर्षं येतात, लॉगच्या सूत्राने १०.२४. बरोबर कोणतं? मागच्या आठवड्यात पॉलिसीचा पहिला हप्ता भरला. १० वर्षं दरवर्षी १ लाख, विसाव्या वर्षाअखेर २० लाख. हप्ते संपल्यावर १० वर्षांत दुप्पट, म्हणजे ७.२ टक्के आणि तेही करमुक्त, असं एजंट म्हणाले. एफडीपेक्षा हे बरं ना?

उत्तर: लॉगचं उत्तर नेमकं, ७२ ला व्याजदराने भागून येणारं अंदाजाचं. सूत्र असं: `ln 2 ÷ ln(1 + r)`, यात r म्हणजे दर, ७ टक्क्यांना 0.07. आठ टक्क्यांच्या आसपास दोन्ही जवळजवळ जुळतात. किसान विकास पत्राच्या ७.५ टक्क्यांना नियम ११५.२ महिने सांगतो, लॉग ११५, आणि पोस्टाची मुदतही ११५ महिनेच आहे. दर चढला की नियम चुकतो: २४ टक्क्यांना तो ३ वर्षं म्हणतो, प्रत्यक्षात ३.२२ लागतात. तुमच्या उत्तरांत फरक जेमतेम पंधरा दिवसांचा आहे. बँक एफडीवर तिमाही चक्रवाढ देते, त्यामुळे ७ टक्क्यांची एफडी १० वर्षांतच दुप्पट होते. म्हणजे एफडीला लावली तर तुमची दोन्ही उत्तरं तीन-साडेतीन महिन्यांनी चुकतात.

पण काळजी पॉलिसीची आहे. एजंटांनी ७२ ला १० ने भागलं, आणि तो १० च खोटा आहे. तुमचा पहिला लाख २० वर्षं अडकतो, शेवटचा ११ वर्षं. सरासरी साडेपंधरा. ७२ भागिले १५.५ म्हणजे साधारण ४.६ टक्के. हप्ते चालू असतानाच्या वर्षांचं व्याज त्यांनी हिशोबातून सरळ गाळलं. अशी विक्री पाहून संताप येतो.

स्वतः तपासा. एक्सेलमध्ये A1 ते A10 मध्ये -1, A11 ते A20 मध्ये 0, A21 मध्ये 20 लिहा आणि हे सूत्र द्या:

```
=IRR(A1:A21)
```

उत्तर ४.५ टक्के येईल; सेलमध्ये 5% दिसलं तर दशांश स्थळं वाढवून पाहा. ७ टक्क्यांच्या एफडीवर ३० टक्के कर भरूनही सुमारे ५ उरतात.

करमुक्तच हवं असेल तर पीपीएफ आहे. ७.१ टक्के दर टिकला, तर हेच दहा हप्ते (५ एप्रिलच्या आत भरलेले) विसाव्या वर्षाअखेर सुमारे साडेएकोणतीस लाख होतात. अकराव्या वर्षापासून खातं चालू ठेवायला वर्षाला ५०० रुपये भरायचे, आणि पंधरा वर्षांनी पाच वर्षांची मुदतवाढ घ्यायची. दर सरकार तिमाहीला ठरवतं, तो खाली येऊ शकतो. पण २० लाखांच्या पातळीला यायला तो बराच घसरावा लागेल. विमा हवा असेल तर टर्म प्लॅन वेगळा घ्या.

पॉलिसीचे कागद हाती आल्यापासून ३० दिवस फ्री लूकचे, म्हणजे पॉलिसी परत करण्याचे असतात. त्या मुदतीत कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचा खर्च कापून हप्ता परत मिळतो. अर्ज एजंटांच्या हाती देऊ नका, कंपनीच्या शाखेत स्वतः द्या.