'पाचांत एक' की 'एकास चार'? ऑड्सना शक्यता म्हणण्याबद्दल

प्रश्न: लॉजिस्टिक रिग्रेशनच्या असाइनमेंटमध्ये 'कार्ट'चा ऑड्स रेशो 2 आला. मी मराठीत लिहिलं, 'कार्टमध्ये वस्तू टाकलेल्या ग्राहकाने खरेदी करण्याची शक्यता दुप्पट असते.' हे वाक्य चूक ठरलं. ऑड्स आणि प्रॉबेबिलिटी दोन्हींना शक्यताच म्हणतात ना? मग बरोबर वाक्य कसं लिहायचं? जास्त गणित नको.

उत्तर: वाक्य खरंच चूक आहे. 'दुप्पट' बरोबर आहे, पण ते शक्यतेला लागू होत नाही, ऑड्सना होतं. बोलताना आपण दोन्हींना शक्यता म्हणतो, त्यामुळे हा घोळ होतो. प्रॉबेबिलिटीला शाळेच्या पुस्तकात 'संभाव्यता' हा शब्द आहेच. ऑड्सना तितका रुळलेला शब्द मला माहीत नाही, पण ती कल्पना व्यक्त करणारी शब्दयोजना मराठीत रोज वापरली जाते.

गवंडी 'एकास सहाचा माल' म्हणतो तेव्हा एक घमेलं सिमेंटला सहा घमेली वाळू घ्यायची असते. एकूण घमेली सात होतात, म्हणजे सिमेंट सातांत एक असतं, सहांत एक नव्हे. ऑड्स नेमके असेच मोजतात. पाच ग्राहकांपैकी एकाने खरेदी केली, तर संभाव्यता 'पाचांत एक' म्हणजे 0.20, आणि ऑड्स 'एकास चार' म्हणजे 1 भागिले 4, 0.25. एका ठिकाणी भाग आणि एकूण यांची तुलना आहे, दुसऱ्या ठिकाणी घेणारे आणि न घेणारे यांची. म्हणून लिहिताना मी ऑड्सना 'घेणाऱ्या-न घेणाऱ्यांचं गुणोत्तर' म्हणेन, आणि ते लांबतं तिथे सरळ 'ऑड्स'.

आता हे गुणोत्तर मॉडेलमध्ये आलंच कशाला? ग्राहक घेईल की नाही याचं उत्तर 0 ते 1 मध्येच असायला हवं. संभाव्यतेत थेट बेरीज करत गेलं, दर भेटीला 0.05, कार्टला 0.20 असं, तर बऱ्याच वेळा येऊन गेलेल्या ग्राहकाची संभाव्यता 1.3 वगैरे येईल, आणि तिला काही अर्थ नाही. ऑड्स मात्र शून्यापासून कितीही मोठे होऊ शकतात, आणि त्यांचा लॉगरिदम घेतला की ऋण संख्याही चालतात. त्या लॉगमध्ये खुशाल बेरीज करावी, नंतर उलट येऊन संभाव्यता काढावी, ती कधीच 0 ते 1 च्या बाहेर जात नाही. या लॉग-ऑड्सना 'लॉजिट' हे नाव जोसेफ बर्कसन यांनी 1944 मध्ये दिलं. (लॉजिस्टिक या शब्दाचा मालवाहतुकीशी संबंध नाही. लोकसंख्येच्या वाढीची एस आकाराची वक्ररेषा मांडणारे बेल्जियन गणिती व्हेर्हुल्स्ट यांनी तिला एकोणिसाव्या शतकात दिलेलं ते नाव आहे.)

लॉगमधली बेरीज म्हणजे मूळ संख्येतला गुणाकार, एवढं एकच गणित इथे हवं. म्हणूनच 'दुप्पट' ऑड्सना लागतं. कपड्यांच्या एका ऑनलाइन दुकानाचं मॉडेल असं आलं आहे असं धरू:

```
z = -2.9 + 0.25 × भेटी + 0.69 × कार्ट
```

z म्हणजे लॉग-ऑड्स. भेटी म्हणजे गेल्या आठवड्यात ग्राहक किती वेळा साइटवर आला, आणि कार्ट 1 किंवा 0. कार्टचा सहगुणक 0.69 आहे, exp(0.69) केलं की जवळजवळ 2 येतात. तोच तुमचा ऑड्स रेशो.

आता दोन ग्राहक बघा. पहिली एकदाच आली, कार्ट रिकामी. z = -2.65, ऑड्स 0.07, संभाव्यता 6.6 टक्के. तिच्यासारखीच, पण कार्टमध्ये वस्तू असलेली ग्राहक घेतली तर ऑड्स 0.14 होतात आणि संभाव्यता 12.3 टक्के. इथे संभाव्यताही जवळपास दुप्पट झाली, आणि तुमचं वाक्य खपून गेलं असतं. दुसरा ग्राहक बारा वेळा येऊन गेला आहे. कार्ट रिकामी असताना z = 0.1, ऑड्स 1.1, संभाव्यता 52.5 टक्के. कार्ट भरली की ऑड्स 2.2, पण संभाव्यता 68.8 टक्के. तुमच्या वाक्याप्रमाणे ती 105 टक्के व्हायला हवी होती.

दोघांच्याही ऑड्सना दोनानेच गुणलं, तरी संभाव्यता एकीची सहा टक्क्यांच्या आसपास वाढली आणि दुसऱ्याची सोळाच्या. खरेदी विरळ असते तेव्हा 'एकास वीस' आणि 'एकविसांत एक' यांत फारसा फरक पडत नाही, म्हणून ऑड्सचं दुप्पट आणि संभाव्यतेचं दुप्पट एकसारखं भासतं. घेणाऱ्यांचं प्रमाण वाढत गेलं की दोन्ही वेगळे होतात. ऑनलाइन दुकानांत बहुतेक भेटी रिकाम्याच जातात, त्यामुळे ही चूक डेटा बघूनही लवकर लक्षात येत नाही.

तेव्हा वाक्य असं लिहा: 'भेटींची संख्या सारखी असताना, कार्टमध्ये वस्तू असलेल्या ग्राहकांत घेणाऱ्या-न घेणाऱ्यांचं गुणोत्तर, कार्ट रिकामी असलेल्यांच्या दुप्पट असतं.' पहिले चार शब्द गाळू नका. कार्टवाले ग्राहक मुळात जास्त वेळा येतात. भेटी वेगळ्या काढल्यावर जे उरतं, त्याचंच हे 2 आहे. आणि 'कार्टमध्ये टाकल्यामुळे' असं तर अजिबात लिहू नका. ज्याला घ्यायचंच आहे तो कार्टमध्ये टाकतो, मॉडेलला फक्त ही सोबत दिसते.

व्यवस्थापकाला द्यायच्या अहवालात मी गुणोत्तर पुढे करणारच नाही. तिथे एक ठरावीक ग्राहक घेऊन 'वरून' आणि 'वर' वापरावं: 'एकदा आलेल्या ग्राहकाची खरेदीची संभाव्यता रिकाम्या कार्टच्या 6.6 टक्क्यांवरून वस्तू असलेल्या कार्टला 12.3 टक्क्यांवर जाते.' 'सहा टक्क्यांनी वाढली' असं लिहिलं की कुणी ते 6.6 चे सहा टक्के समजतं, कुणी 6.6 मध्ये सहा मिळवतं. 'इतक्यावरून इतक्यावर' म्हटलं की दोन अर्थ निघत नाहीत.

पायथनमध्ये scikit-learn वापरत असाल तर दोन्ही संख्या अशा निघतात:

```python
import numpy as np

p = model.predict_proba(X)[:, 1]
odds_ratio = np.exp(model.coef_)
```

odds_ratio वाचण्याआधी एक तपासा. स्तंभ StandardScaler मधून गेले असतील, तर 'भेटी'चा रेशो एका भेटीचा नसतो, एका प्रमाण विचलनाचा असतो, आणि कार्टचा रेशोही मग रिकामी विरुद्ध भरलेली असा राहत नाही. शिवाय LogisticRegression सहगुणकांना आपोआप थोडं शून्याकडे ओढतं, त्यामुळे रेशो 1 कडे झुकतो. अर्थ लावण्यासाठी आकडा हवा असेल तर statsmodels मधलं Logit चालवून बघा. तिथे ही ओढ नसते, आणि खरा रेशो कुठून कुठपर्यंत असू शकतो ती मर्यादा काढायला लागणारे आकडेही मिळतात. ती मर्यादा 0.9 ते 4.4 अशी आली, तर 'दुप्पट' हा शब्दच अहवालात ठेवू नका. 1 त्या पट्ट्यात बसतो, म्हणजे कार्टचा काहीच फरक पडत नसण्यालाही हा डेटा वाव देतो.