समुद्रातून आल्यावर घड्याळ कसं धुवायचं

घड्याळ २०० मीटर वॉटर रेझिस्टंट आहे म्हणून नुसतं पुसून ठेवू नका. पाणी आत शिरत नाही हे खरं, पण मीठ बाहेरच्या फटींत बसतं.

बाहेर आल्यावर मीठ वाळायच्या आत घड्याळ गोड्या पाण्यात पाच-दहा मिनिटं बुडवून ठेवा. पाणी साधं किंवा जेमतेम कोमट असावं. चावी पूर्ण आत, स्क्रूची असेल तर घट्ट फिरवलेली. नवे लोक हमखास चुकतात ते इथेच: चावीखालचं मीठ काढायला ती उघडतात आणि पाणी थेट मशीनमध्ये जातं. बंद चावीच्या कडेने मऊ ब्रश फिरवला की पुरे. काचेभोवतीची कडी, म्हणजे बेझल, फिरणारी असेल तर पाण्यातच एक-दोन वेळा पूर्ण फिरवा.

खरी काळजी पट्टा घड्याळाला जोडणाऱ्या पिनांची घ्या. ही पिन म्हणजे पोकळ नळी, आत बारीक स्प्रिंग. तिथे खारं पाणी अडकलं की वाळायला वेळ लागतो आणि स्टेनलेस स्टीललाही खड्डे पडतात. माझी एक पिन बाहेरून चकचकीत होती. काढली तर टोक दाबलं जाईना, भोकापाशी तपकिरी डाग. आणखी एका पोहण्यात घड्याळ तळाशी गेलं असतं. म्हणून नेहमी पोहत असाल तर महिन्यातून एकदा पट्टा काढून पिना धुवा, टोकं दाबून पाहा. अडकली तर बदला, तेल घालत बसू नका.

चामड्याचा पट्टा मात्र समुद्रात नेऊच नका.