किल्ली खुंटीवर, गाडी गायब: ‘नक्कल होत नाही’ म्हणणाऱ्या विमा कंपनीला काय उत्तर द्यावं?

प्रश्न: माझी बटण दाबून सुरू होणारी गाडी रात्री इमारतीच्या पार्किंगमधून चोरीला गेली. आम्ही तळमजल्यावर राहतो. दोन्ही किल्ल्या घरातच होत्या, एक दाराच्या आतल्या खुंटीवर. शेजाऱ्यांच्या कॅमेऱ्यात एक जण आमच्या दाराशी पिशवी धरून उभा दिसतो, दुसरा गाडीपाशी. विमा कंपनी म्हणते की काच फुटलेली नाही, किल्लीत रोलिंग कोड असल्यामुळे तिची नक्कल होत नाही, आणि सर्व्हरवरच्या नोंदीत माझीच किल्ली वापरल्याचं दिसतं. शिवाय गेटचा रिमोट मी बाहेरून कॉपी करून घेतला, हा म्हणे माझा निष्काळजीपणा. दावा फेटाळलाय. आता काय करू?

उत्तर: कंपनीचं रोलिंग कोडबद्दलचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे. पण तुमची गाडी न्यायला नक्कल लागतच नाही. तुमच्या उत्तराची सुरुवात इथूनच करा, कारण फेटाळणीची बाकी कारणं याच एका गैरसमजावर उभी आहेत.

रोलिंग कोड चालतो तो किल्लीवरचं बटण दाबल्यावर. किल्लीत एक मोजणी असते. प्रत्येक दाबाला ती एकने पुढे सरकते आणि गुप्त सूत्राने झाकून पाठवली जाते. गाडी फक्त शेवटच्या आकड्याच्या पुढचाच आकडा स्वीकारते. समजा शेवटचा आकडा 1204 होता. आता 1205 चालेल. घरी खिशात चुकून दोनचार वेळा बटण दाबलं गेलं असेल म्हणून थोडा पुढचाही चालेल. कीलॉक या खूप वापरल्या गेलेल्या पद्धतीत ही मुभा साधारण 16 आकड्यांची असते. एकदा वापरलेला 1205 मात्र कायमचा बाद. त्यामुळे हवेतून तो टिपून ठेवला तरी नंतर उपयोग शून्य.

हँडलला हात लावताच दार उघडतं तेव्हा बटण दाबलेलंच नसतं. तिथे गाडी स्वतः साधारण 125 किलोहर्ट्झवर एक हाक देते. ही हाक मुद्दाम क्षीण ठेवलेली असते, जेमतेम मीटर-दोन मीटर पोचेल इतकी. ती ऐकून किल्ली जागी होते, गाडीने विचारलेल्या आकड्याचं गुप्त सूत्राने उत्तर काढते आणि ते दुसऱ्या, जास्त लांब जाणाऱ्या लहरीवर परत पाठवते. विचारलेला आकडा दर वेळी नवा असतो, म्हणजे टिपून ठेवलेलं उत्तर इथेही निरुपयोगी. पण गाडी एक गोष्ट गृहीत धरते: बरोबर उत्तर आलं, म्हणजे किल्ली जवळच आहे. हाक लांब पोचत नाही, एवढाच त्या गृहीतकाला आधार.

रिले हल्ल्यात नेमका तो आधार काढून घेतला जातो. एक माणूस हँडलपाशी उपकरण धरतो, दुसरा तुमच्या दाराशी. गाडीची हाक पहिला उचलतो, दुसरा ती दारापलीकडे पुन्हा सोडतो. खुंटीवरची किल्ली जागी होते आणि अगदी खरं उत्तर देते. ते उत्तर थेट गाडीपर्यंत पोचतं, नाहीतर तेही तसंच पुढे नेलं जातं. सूत्र फोडलं नाही, किल्ली कॉपी झाली नाही, काच फुटली नाही. गाडी सुरू करताना हीच देवघेव पुन्हा होते. एकदा इंजिन चालू झालं की किल्ली लांब गेली तरी गाडी फक्त इशारा देते. चालत्या गाडीचं इंजिन मध्येच बंद पडणं धोक्याचं, म्हणून ते तसं ठेवलेलं असतं.

आता नोंदीत ‘तुमचीच किल्ली’ का दिसते, हे लक्षात येईल. उत्तर तुमच्याच किल्लीने दिलं. किल्लीने उत्तर दिलं एवढं ती नोंद सांगते. त्या वेळी किल्ली कुठे होती, हे सांगत नाही. कंपनीला लिहिताना हे वाक्य असंच घाला. सोबत एक सार्वजनिक आधार जोडा: झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये आठ उत्पादकांची दहा मॉडेल तपासली आणि दहाही गाड्या रिले करून उघडल्या व सुरू केल्या. किल्ली उपकरणापासून काही मीटर दूर असतानाही जागी करता आली होती.

‘नक्कल होत नाही’ हेही सरसकट मान्य करू नका. ते मॉडेलवर अवलंबून असतं. 2018 मध्ये लूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी टेस्ला मॉडेल एसच्या तेव्हाच्या किल्लीची नक्कल काही सेकंदांत करून दाखवली, कारण तिच्या सूत्रातला गुप्त आकडा अवघा 40 बिटांचा, म्हणजे शोधून काढता येईल इतका छोटा होता. तेव्हा तुमच्या मॉडेलच्या, तुमच्या उत्पादन वर्षाच्या किल्लीबद्दल कंपनीच्या तज्ज्ञाने काय तपासलं, ते लेखी मागा. काहीच तपासलं नसेल, तर तसं उत्तर येणंही तुमच्याच कामाचं.

मागायचे कागद असे. फेटाळणीचं पत्र, त्यात पॉलिसीच्या नेमक्या कलमाचा उल्लेख हवा. तपासनिसाचा संपूर्ण अहवाल. आणि सर्व्हरची मूळ नोंद, सारांश नव्हे. त्या नोंदीत चार गोष्टी बघा: दार बटणाने उघडलं की हँडलने, कोणत्या क्रमांकाच्या किल्लीने, गाडीला एकूण किती किल्ल्या शिकवलेल्या आहेत, आणि वेळ कोणत्या घड्याळाची आहे. तिसरी किल्ली दिसली, तर प्रकरण रिलेचं नसून, गाडीतले बिघाड तपासायला असलेल्या सॉकेटमधून नवी किल्ली शिकवल्याचं असू शकतं. किल्लीचा क्रमांकच नसेल, तर हेडलाइटमागच्या वायरिंगमधून आत शिरून ‘किल्ली मंजूर’ असा खोटा संदेश टाकल्याची शक्यता येते. म्हणून आज ‘रिलेच झालं’ असं छातीठोकपणे लिहू नका. ‘चोरी झाली, किल्ल्या माझ्या ताब्यात होत्या, चित्रण रिलेशी जुळतं’ एवढंच लिहा. दाव्यातलं एखादं अतिशयोक्त विधान पुढे खोटं ठरलं, तर खरा भागही संशयात ओढला जातो.

वेळ जुळवण्यात लोक फार चुकतात. समजा चित्रणात तो माणूस 2:47 ला दाराशी दिसतो. शेजाऱ्यांच्या कॅमेऱ्यासमोर मोबाइलचं घड्याळ धरा आणि दोन्ही वेळा एकाच चौकटीत टिपा. कॅमेरा 3 मिनिटं पुढे निघाला, तर खरी वेळ 2:44. सर्व्हरची वेळ बहुतेकदा जागतिक प्रमाणवेळेत असते, ती स्थानिक वेळेत बदला. तीही 2:44 निघाली आणि दार हँडलने उघडल्याची नोंद असली, तर तुमचा सर्वांत भक्कम पुरावा कंपनीच्याच कागदात सापडला. चित्रण आजच घ्या. बहुतेक रेकॉर्डर जुनं पुसून त्यावर नवं लिहितात. मोबाइलवर पाठवलेली दाबलेली प्रत नको, रेकॉर्डरमधली मूळ फाइल हवी. ती मिळताच तिचा हॅश, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा ठसा, काढून तारखेसह लिहून ठेवा, म्हणजे नंतर फाइल बदलल्याचा आरोप टिकणार नाही. विंडोज संगणकावर:

```
certutil -hashfile chitran.mp4 SHA256
```

दोन्ही किल्ल्या वेगवेगळ्या पाकिटांत सीलबंद करा. बॅटरी बदलू नका, दुसऱ्या गाडीशी जोडू नका. कंपनीला तपासायला द्याव्या लागल्या, तर अनुक्रमांकासह सही-शिक्क्याची पोच घ्या आणि तपासणीच्या वेळी तुमचा माणूस हजर राहील अशी अट लेखी घाला. एक गोष्ट मात्र तुम्ही आधीच पडताळून घ्या. काही नव्या किल्ल्यांत हालचाल टिपणारा सेन्सर असतो. किल्ली काही मिनिटं स्थिर राहिली की ती झोपते आणि हाकेला उत्तर देत नाही. तुमची किल्ली तशी असेल, तर रात्रभर खुंटीवर लटकलेली किल्ली रिलेला कशी जागी झाली, हा प्रश्न समोरून येणारच. गाडीच्या माहितीपुस्तिकेत बघा, नाहीतर उत्पादकाला लेखी विचारा.

कायद्याची बाजू त्यामानाने सोपी आहे. सर्वसाधारण नियम असा, की चोरी झाली असण्याची शक्यता जास्त आहे, इतकं तुम्ही दाखवायचं. तुम्ही फसवलंत किंवा एखादा अपवाद लागू होतो, हे सिद्ध करणं कंपनीचं काम. चोराने कोणतं तंत्र वापरलं हे सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर नाही. ‘तोडफोड करून प्रवेश’ ही अट तुमच्या पॉलिसीत शब्दशः आहे का, ते वाचा. ती घरफोडीच्या विम्यात आढळते. गाडीच्या कलमात नुसतं ‘चोरी’ असेल, तर फुटलेली काच मागता येत नाही. ‘वाजवी काळजी’च्या कलमाला उत्तर आहे: कुलूपबंद घर, आत किल्ली. अडचण होईल ती पॉलिसीत ट्रॅकर किंवा जादा कुलपाची स्पष्ट अट असेल आणि ते बसवलेलं नसेल तर. तसं असेल तर पत्र पाठवण्याआधी वकिलाला ते कलम दाखवा.

गेटच्या रिमोटचं लपवू नका. दोन रिमोट समोरासमोर धरून कॉपी झाली असेल आणि तेव्हापासून दोन्ही रोज चालत असतील, तर गेट स्थिर, म्हणजे दर वेळी त्याच कोडवर चालतं. रोलिंग कोड असता, तर अशी प्रत फार तर एखाद्या वेळी चालून बाद झाली असती. स्थिर कोडचं गेट कुणीही एकदा हवेतून टिपून पुढे कितीही वेळा उघडू शकतो. तुमची प्रत नसती तरी हेच घडू शकलं असतं. आणि गेट उघडल्याने पार्किंगपर्यंत पोचता येतं, गाडी सुरू होत नाही. नुकसानाशी थेट संबंध जोडल्याशिवाय हा मुद्दा दावा नाकारायला पुरत नाही. इमारतीच्या व्यवस्थापनाला रोलिंग कोडचा रिसीव्हर बसवण्याबद्दल पत्र द्या आणि नवा बसल्यावर जुना काढून टाकायला सांगा; तो जोडलेला राहिला तर जुना कोड गेट उघडतच राहील.

सगळे कागद लावून आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे फेरविचार मागा. तिथे नकार आला किंवा ठरलेल्या मुदतीत उत्तर नाही आलं, की विमा लोकपाल किंवा ग्राहक तक्रारीचा मार्ग खुला होतो. त्या प्रत्येकाला मुदत असते आणि ती बहुतेकदा लेखी नकाराच्या तारखेपासून मोजतात, म्हणून ते पत्र आलेल्या पाकिटासकट जपून ठेवा.

पुढची गाडी घ्याल तेव्हा मेनूमधून हँडलने उघडण्याची सोय बंद करता येते का ते बघा. मग दार बटणानेच, म्हणजे रोलिंग कोडनेच उघडेल. सुरू करण्याआधी पिन मागणारी सोय असेल, तर तीही चालू ठेवा. धातूच्या अस्तराची पिशवी वापरणार असाल, तर किल्ली तिच्यात घालून गाडीला अगदी टेकवा आणि हँडल ओढून बघा. दार उघडलं, तर पिशवी निकामी. शिवण उसवली किंवा अस्तर चिरलं की ती गळायला लागते, म्हणून ही चाचणी दर महिन्याला करा. दुसरी किल्लीही तशाच पिशवीत ठेवा. चोराला दोन्हींपैकी कुठलीही एक पुरते.