शब्दसाखळी दोन अक्षरांची: सारखं का अडकतं?

प्रश्न: ठाणे-वाशी ट्रेनमध्ये शेवटच्या दोन अक्षरांवरून पुढचा शब्द असं खेळतो, तीन-चार शब्दांत अडकतो. सानपाडावरून लांब कसं न्यायचं?

उत्तर: शब्द बोलायच्या आधी त्याचं शेवटून दुसरं अक्षर बघा, तिथे ण किंवा ळ असेल तर तो शब्द घेऊच नका. कारण पुढचा शब्द त्याच अक्षरापासून सुरू होणार आणि रोजच्या मराठीत ण, ळ पासून सुरू होणारे शब्द नाहीतच. म्हणून कळवा म्हटलं की 'ळवा', खेळ खल्लास. शेवटचं अक्षर ळ असलं तर मात्र बिनधास्त चालतं.

तुमचंच घ्या: सानपाडा, पाडाव, डावपेच, पेचप्रसंग, संगत, गतकाळ, काळवीट, वीटभट्टी. यात 'संग'वरून पटकन संगणक सुचतो पण त्याने 'णक' येतं, आणि 'काळ'वरून काळजी घेतली तर 'ळजी', दोन्हीकडे तिथेच संपलं, म्हणून संगत आणि काळवीट घेतले. दोन अक्षरी शब्द पण टाळा, नुसतं वीट म्हटलं तर पुढच्याला परत 'वीट'च मिळतं, साखळी हलतच नाही.

फक्त हे जोडाक्षर एक अक्षर धरून आणि काना-मात्रा तंतोतंत पाळून आहे. मात्रा सोडून खेळत असाल तर पर्याय खूप वाढतात, पण ण-ळ चं दार तरी बंदच राहतं.