‘हवी होती’ आणि ‘कुड’

सावदा

प्रिय भाऊ,

दुबईच्या खरेदीदारासाठी लिहिलेल्या मेलचा मसुदा वाचला. केळीची माहिती चोख आहे. अडचण आहे ती चार बारक्या शब्दांची.

पहिलंच वाक्य बघ: ‘यू शुड सेन्ड द टेम्परेचर रेकॉर्ड टुडे.’ तुझ्या मनात ‘आज पाठवलं तर बरं होईल’ असं होतं. पण ज्याच्याकडून आपल्याला काही हवंय त्याला ‘शुड’ लावलं की त्याच्या कर्तव्याची आठवण करून दिल्यासारखं होतं, जणू तो चुकलाच आहे. तिथे लिही: ‘कुड यू सेन्ड अस द टेम्परेचर रेकॉर्ड टुडे?’

‘कुड’ तर ‘कॅन’चा भूतकाळ, मग आजच्या कामाला कसा, असं तू विचारलं होतंस. अरे, दुकानात आपण काय म्हणतो? ‘दोन किलो तूरडाळ हवी होती.’ डाळ तर आत्ताच हवी असते. भूतकाळाने मागणी एक पाऊल मागे सरते आणि समोरच्याला ‘नाही’ म्हणायला जागा मिळते. ‘कुड’ तेच करतो. ‘कॅन यू’ म्हणजे उद्धटपणा नव्हे; पॅकहाऊसमधल्या सोबत्याला तेच बरं, तिथे ‘कुड’ उगाच परकं वाटेल.

‘मे यू कन्फर्म’ मात्र खोडच. ‘मे’ जास्त अदबीचा म्हणून तू घातलास, पण ‘मे यू’ने सुरू झालेलं वाक्य आशीर्वादाचं होतं: ‘मे यू लिव्ह लाँग.’ परवानगी मागताना ‘मे’ आपल्या स्वतःच्या कामाला लागतो: ‘मे वी लोड ऑन फ्रायडे?’ आणि कुणी ‘कुड आय कॉल यू?’ विचारलं तर उत्तर ‘यस, यू कॅन’. ‘यस, यू कुड’ नव्हे. मागण्यातला तो संकोच परवानगी देताना चालत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्यांच्या शीतगृहात माल ११ अंशांवर ठेवतात, हे तुला कळलंय. हिरवी केळी १३ अंशांच्या खाली फार वेळ राहिली की साल आतून तपकिरी पडते, पिकताना पिवळीधमक न होता मळकट, राखाडी दिसते. त्याबद्दल तू लिहिलंस: ‘यू कुड कीप इट ॲट १३.५ डिग्रीज.’ इथे अदब नडते. सल्ल्यात ‘यू कुड’ म्हणजे ‘हाही एक पर्याय आहे’. तो वाचेल आणि ११ वरच ठेवेल. इथे ‘शुड’च हवा. धार कमी करायची तर पुढे ‘आय थिंक’ लाव आणि कारण दे: ‘आय थिंक यू शुड कीप इट ॲट १३.५ डिग्रीज, बिकॉज बिलो १३ द पील टर्न्स ग्रे.’

शेवटचं ‘द कंटेनर शुड रीच यू ऑन मंडे’ तसंच राहू दे. तिथला ‘शुड’ कुणाला सांगत नाही, नुसता अंदाज आहे. एवढं बदल आणि संध्याकाळच्या आत मेल पाठव.

तुझा,
काका