चर्चेच्या रेकॉर्डिंगमधून कल्पनांची एकपानी यादी

प्रश्न: आम्हा दोघा सहसंस्थापकांच्या चर्चेचं रेकॉर्डिंग आहे. कोणत्या कल्पनेला किती उत्साह मिळाला, हे एका पानात कसं मांडू?

उत्तर: मांडणाऱ्याचा जोश मोजू नका, स्वतःची कल्पना प्रत्येकाला आवडतेच. दुसऱ्याने काय केलं ते ऐका. त्याने भर घातली, की नुसतं ‘भारी’ म्हणून विषय बदलला? नंतर त्यानेच ती पुन्हा काढली, तर ती सर्वांत पक्की खूण.

ओळ अशी लिहा: ‘12:40, ऑफलाइन बिलिंग, मांडली अ-ने, ब: “हे आधी करू”, 47:10 ला ब-ने पुन्हा काढली. उत्साह: जोरदार.’ शब्द त्याचेच ठेवा, म्हणजे नंतर वाद होत नाही. गप्प राहिला असेल तर ‘नापसंत’ नव्हे, ‘प्रतिक्रिया नाही’ लिहा. तीच कल्पना वेगळ्या नावाने परत आली असेल, तर दोन्ही वेळा एकाच ओळीत टाका. नाहीतर तिचा उत्साह विभागून कमी दिसतो.